बायकांच्या लिव्हरला दारू कमी पिऊनही जास्त का लागते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न ओपीडीत आणि व्हॉट्सॲपवर मला परत परत येतात, बहुतेक बायकांकडून आणि थोडे त्यांच्या नवऱ्यांकडून. "मैत्रिणीसाठी विचारतेय" असं म्हणून आलेलेही त्यात भरपूर आहेत. उत्तरं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे जिथे गरज पडेल तिथे कुठला प्रश्न बघायचा ते लिहिलंय.

१. बायकांचं लिव्हर खरंच लवकर खराब होतं, की "बाईने पिऊ नये" म्हणून घाबरवायला सांगतात?

खरंच होतं. संस्काराचा इथे काही संबंध नाही. कोपनहेगनमध्ये १३ हजारांवर माणसं बारा वर्षं फॉलो करून १९९६ साली एक अभ्यास छापला गेला. त्यात पुरुषांना लिव्हरच्या आजाराचा धोका आठवड्याला १४ ते २७ ड्रिंकच्या टप्प्यात नक्की वाढलेला दिसला आणि बायकांना ७ ते १३ च्याच टप्प्यात, म्हणजे साधारण निम्म्यात. त्यांचं एक ड्रिंक १२ ग्रॅम अल्कोहोलचं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बायकांची धोक्याची पट्टी आठवड्याला चारेक लार्ज पेगपासून सुरू होते आणि पुरुषांची आठेक लार्जपासून. म्हणजे त्याखाली सेफ असा अर्थ मात्र काढू नका, तिथे धोका वाढलेला स्पष्ट दिसायला लागला एवढंच.

डॉक्टर लोकांच्या व्याख्येतही हा फरक आता अधिकृत आहे. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरची नवी नावं ठरली, तेव्हा वजन किंवा शुगरचा त्रास आणि सोबत दारूही आहे अशा मधल्या गटाची हद्द बायकांसाठी आठवड्याला १४० ग्रॅमपासून धरली आणि पुरुषांसाठी २१० पासून. हे आकडे लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये लागणार आहेत.

२. ग्रॅम वगैरे ठीक आहे पण पेगचं ग्रॅम कसं काढायचं?

मिली गुणिले टक्के गुणिले ०.७८९ आणि भागिले १००, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकाच्या बाटलीवर बहुतेक ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्यामुळे ३० मिलीचा स्मॉल म्हणजे जवळपास १० ग्रॅम, लार्ज २० आणि क्वार्टर ६० च्या वर. ८ टक्क्यांची स्ट्राँग बियर ६५० मिलीची एकटीने संपवली तर ४१ ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग झाले. पण "मी हार्ड घेतच नाही गं, फक्त बियर" असं ठामपणे सांगणाऱ्या निम्म्या बायकांना हे माहीतच नसतं. आणि घरी ओतलेला पेग कधीच ३० मिलीचा नसतो, एकदा मेजरिंग कपने मोजून बघा, आपलं आपल्यालाच कळतं.

३. माझं आणि नवऱ्याचं वजन अगदी सेम आहे, तरी मला जास्त का चढते?

कारण वजन सेम असलं तरी पाणी सेम नाही. दारू पाण्यात विरघळते, चरबीत जवळजवळ जात नाही, म्हणून ती शरीरातल्या पाण्यातच पसरते. पुरुषाच्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असतं आणि बाईच्या ५० च्या आसपास, कारण तिच्यात चरबीचा वाटा जास्त आणि स्नायूंचा कमी (स्नायू म्हणजे पाण्याने भरलेला स्पंजच समजा). एकच चमचा साखर मोठ्या तांब्यात टाकली आणि छोट्या पेल्यात टाकली तर गोड काय जास्त लागणार, तसंच.

याचा हिशोब विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने गेल्या शतकात बसवून दिलाय. वजनाला पुरुषासाठी ०.६८ ने आणि बाईसाठी ०.५५ ने गुणायचं आणि ग्रॅमला त्याने भागायचं. समजा दोघंही ६० किलोचे आहेत आणि दोघांनी दोन-दोन लार्ज घेतले, म्हणजे ४०.५ ग्रॅम. बाईचं येतं १०० मिली रक्तात सुमारे १२३ मिलीग्रॅम आणि नवऱ्याचं ९९. वजन सेम, बाटली सेम, तरी पाव पट फरक. आता खऱ्या आयुष्यात नवरा बहुतेक ७५ चा असतो, मग त्याचं येतं ७९ च. म्हणजे तो "एक एक अजून घेऊ" म्हणतो तेव्हा तो अजून तुमच्या पहिल्या दोन पेगपर्यंतही पोचलेला नसतो.

हे सरासरीचे आकडे आहेत आणि रिकाम्या पोटी पटकन प्यायल्यावर जे टोक येतं त्याचे आहेत. यावरून गाडी चालवायची का नाही ते ठरवू नका. कायद्याची हद्द ३० मिलीग्रॅम आहे, इथे तर दोघंही तिच्या कितीतरी पुढे आहेत.

४. जास्त चढली म्हणजे लिव्हर जास्त बिघडलं असं थेट आहे का? शेवटी लिव्हरला तेवढेच ग्रॅम साफ करायचेत ना?

हा प्रश्न मला एका मुलुंडच्या बाईंनी विचारला होता, आणि अगदी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. ग्रॅम तेवढेच, हे खरं. पण लिव्हरमध्ये दारू तोडायचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम, तो नेहमीचा रस्ता, पण तो फार थोड्या दारूतच फुल्ल होतो, सकाळी साडेआठच्या दादर लोकलसारखा. रक्तातलं प्रमाण ५० मिलीग्रॅमच्या आसपास आणि पुढे गेलं की दुसरा रस्ता जोरात चालू होतो, सीवायपी-टू-ई-वन. हा दारू तोडतो खरा पण तोडताना ठिणग्या उडवतो, म्हणजे फ्री रॅडिकल्स, आणि त्याने पेशीतल्या चरबीला आणि प्रोटीनला नुकसान होतं. शिवाय हा रस्ता लिव्हरच्या ज्या भागात जास्त असतो, म्हणजे मधल्या शिरेभोवती, तिथेच ऑक्सिजन सगळ्यात कमी पोचतो. अल्कोहोलचं नुकसान बायोप्सीत पहिलं तिथेच दिसतं.

दोन्ही रस्त्यांवर आधी ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते विषारीच असतं.

म्हणजे ग्रॅम तेवढेच असले तरी ५० च्या वर किती तास राहिलात हे महत्त्वाचं. वरच्या हिशोबातली बाई दोन लार्जनंतर साधारण चार तास त्या पट्टीच्या वर राहते. तिच्याच वजनाचा पुरुष तीन-सव्वातीन तास राहतो आणि ७५ किलोचा दोन तासांच्या आत खाली येतो. (यात बाईचं उतरणं तासाला १८ मिलीग्रॅमने धरलंय आणि पुरुषाचं १५ ने, का ते प्रश्न ६ मध्ये.) हे आठवड्यातून चार रात्री आणि दहा वर्षं असं धरा, मग फरक दिसतो.

५. "बायकांच्यात एन्झाइम कमी असतं" असं सगळीकडे वाचते, ते लिव्हरचं का पोटाचं?

पोटाचं, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तरातलं. तिथेही अल्कोहोल डिहायड्रोजनेज असतं आणि थोडी दारू रक्तात जायच्या आधीच तिथे तुटते. १९९० मध्ये इटली आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं की बायकांच्या जठरात हे एन्झाइम पुरुषांच्या साधारण ५९ टक्केच काम करतं, आणि ज्या बायकांना दारूचं व्यसन होतं त्यांच्यात तर हा पहिला नाका जवळजवळ उघडाच पडलेला होता. तेव्हापासून हीच गोष्ट सगळीकडे एकमेव कारण म्हणून सांगतात.

माझं मत विचाराल तर ही गोष्ट खरी आहे पण फुगवलेली आहे. जठरात दारूचा छोटाच हिस्सा तुटतो, तोही थोडी प्यायल्यावर आणि पोटात अन्न असताना, कारण दारूला तिथे थांबायला वेळ मिळायला हवा. उपाशीपोटी ती लगेच पुढे आतड्यात सरकते आणि मग बाई असो वा बुवा, नाका कोणाचाच चालत नाही. तीन-चार पेग झाल्यावर तर हा हिस्सा अगदीच किरकोळ. म्हणून मी पाण्याचा फरक (प्रश्न ३) आधी सांगते आणि एन्झाइम नंतर.

६. पण मी वाचलं की बायकांचं लिव्हर उलट फास्ट साफ करतं, मग?

बरोबर वाचलंय. बाईचं लिव्हर तिच्या चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे तासाला ग्रॅममध्ये ती जवळपास पुरुषाइतकीच दारू तोडते. शरीर लहान आणि काम तेवढंच, म्हणून रक्तातला आकडा तिचा थोडा जोरात उतरतो.

पण याला फायदा समजू नका. सुरुवातच इतकी वर झालेली असते की खाली यायला तरी जास्त वेळ लागतो. पाण्याच्या फरकाने लागलेली आग हा वेग पूर्ण विझवत नाही, एवढंच.

७. मग एवढ्याने निम्म्याचा फरक पडतो का? पाव पट पाणी आणि थोडं एन्झाइम?

नाही पडत, आणि हे कोणी फारसं सांगत नाही. उरलेला भाग आतडं आणि लिव्हरच्या पहारेकरी पेशींमध्ये आहे. दारूने आतड्याची भिंत सैल होते, आतल्या जंतूंच्या कवचाचे तुकडे (एंडोटॉक्सिन) गळतात आणि थेट पोर्टल व्हेनने लिव्हरमध्ये पोचतात. तिथे कुप्फर पेशी पहाऱ्याला बसलेल्या असतात, त्या हे तुकडे बघून खवळतात आणि सूज आणणारे रसायन सोडतात. घराची बेल कोणीतरी सारखी वाजवतंय आणि कुत्रा सारखा भुंकतोय असं चित्र डोळ्यासमोर आणा.

उंदरांवरच्या प्रयोगांत मादीमध्ये हे भुंकणं जास्त दिसलं, तिची बीजकोषं काढली की कमी झालं आणि इस्ट्रोजेन परत दिलं की पुन्हा वाढलं. म्हणजे इस्ट्रोजेन त्या पेशींना जास्त तिखट बनवतं. प्रयोग उंदरांवरचे आहेत हे विसरू नका, पण दिशा माणसातल्या चित्राशी जुळते.

मला सगळं मिळून असं दिसतं की पाण्यामुळे मार जोरात बसतो आणि आतड्याच्या गळतीमुळे लिव्हर त्या माराला जास्त चिडून उत्तर देतं. एन्झाइम या दोघांच्या मागे उभं आहे.

८. फक्त शनिवारी पिते, जेवणासोबत पिते, चखणा भरपूर असतो. मग चालतं ना?

जेवणासोबत पिण्याचा फायदा खरा आहे. ब्रिटनमधल्या लाखो बायकांच्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये छापला गेला, एकूण दारू तेवढीच असताना जेवणासोबत पिणाऱ्यांना सिरॉसिस, म्हणजे डाग बसून लिव्हर कडक होणं, कमी दिसला आणि रोज पिणाऱ्यांना जास्त. अन्नामुळे दारू हळूहळू सरकते, टोक खाली राहतं, बाकी प्रश्न ४ मध्ये आहेच.

पण चखणा म्हणजे जेवण नाही. मसाला शेंगदाणे आणि दोन चकल्या पहिल्या पेगला पुरतात, चौथ्याला नाही. बोंबील फ्राय, चपाती-भात असं व्यवस्थित जेवण हवं, आणि ते सुरुवातीला, शेवटी नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं, जेवण रात्री साडेबाराला.

शनिवारचं म्हणाल तर मधले सहा कोरडे दिवस लिव्हरला आवडतात, पण एका रात्रीत क्वार्टर रिकामी केली तर ते सहा दिवस मिळूनही ती रात्र भरून निघत नाही.

९. माझा एसजीपीटी नॉर्मल आलाय, मग लिव्हर ओके ना?

इथे एक केस पूर्ण सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. डोंबिवलीची, ३८ वर्षांची, कंपनीत मॅनेजर, ६० किलो, पोटाचा घेर थोडा वाढलेला, शुगर बॉर्डरला. आठवड्यातून चार रात्री दोन लार्ज, नवऱ्यासोबत, घरीच. नवराही तेवढेच. तिला ऑफिसच्या चेकअपमध्ये एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, ३४ आला, लॅबने हद्द ४० छापलेली, म्हणून कागदावर कुठेच लाल नाही.

आता बाकीचे आकडे बघा. त्याच्याच जोडीचं एन्झाइम एसजीओटी ५८, म्हणजे एसजीपीटीपेक्षा बराच वर. साध्या फॅटी लिव्हरमध्ये बहुतेक उलटं असतं, एसजीपीटी वर. एसजीओटी पुढे गेला की मी दारूचा प्रश्न विचारतेच, आणि दुपटीच्या पुढे गेला तर संशय फार वाढतो. जीजीटी ९६, हा दारूने लवकर वाढतो. एमसीव्ही १०१, म्हणजे लाल पेशी फुगलेल्या, दारूचा हा जुना पुरावा. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी. आणि तो नॉर्मल ३४ सुद्धा नॉर्मल नव्हताच, कारण बायकांसाठी एसजीपीटीची खरी निरोगी हद्द १९ ते २५ च्या आसपास धरावी असं अमेरिकन गॅस्ट्रो तज्ज्ञांची संघटना सांगते. लॅबवाले बहुतेकदा बाई आणि पुरुष दोघांना एकच ४० छापतात. माझी यावर जुनी चीड आहे, असो.

हिशोब करू. चार रात्री गुणिले ४०.५ म्हणजे आठवड्याला १६२ ग्रॅम. प्रश्न १ मधली हद्द आठवा. बायकांचे १४० पार झाले, ती त्या मधल्या गटात गेली. नवऱ्याचेही तेवढेच १६२, पण त्याची हद्द २१०, त्यामुळे तो अजून त्या गटाच्या बाहेर. एकाच टेबलावर, एकाच बाटलीतून. तिला सगळ्यात जास्त राग याचाच आला होता, मला तर तो राग बरोबर वाटला.

लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन सुदैवाने ६ च्या आसपास होता, म्हणजे डाग बसलेले नव्हते. तीन महिने पूर्ण बंद केली तेव्हा जीजीटी ३० च्या खाली आला आणि एसजीओटीही उतरला. एमसीव्हीला मात्र वेळ लागतो कारण लाल पेशी बदलायलाच तीन-चार महिने जातात, तो अजून थोडा वरच होता.

१०. माझी कपॅसिटी चांगली आहे, चार पेगनंतरही चढत नाही. मला धोका कमी ना?

नाही. कपॅसिटी मेंदूची असते, त्याला सवय लागते. आणि रोजच्या पिण्याने प्रश्न ४ मधला तो ठिणग्यांचा रस्ता उलट रुंद होतो, म्हणजे दारू लवकर तुटते, चढत नाही असं वाटतं आणि लिव्हरमध्ये ठिणग्या वाढतात. म्हणून अशा लोकांना पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्यायला सांगतो, ती गोळी त्याच रस्त्याने विषारी होते.

११. मेनोपॉजनंतर इस्ट्रोजेन कमी होतं, मग धोका कमी होतो का?

ऐकायला लॉजिकल आहे, पण वय वाढलं की शरीरातलं पाणीही घटतं आणि स्नायूही. त्यामुळे तेवढ्याच पेगमध्ये आकडा अजून वर जातो. पोटातल्या एन्झाइमचा बाई-पुरुष फरक पन्नाशीनंतर मिटतो, पण तो पुरुषांचं कमी होतं म्हणून मिटतो, बायकांचं वाढतं म्हणून नाही. शिवाय या वयात वजन आणि शुगर दोन्ही येतात, आणि दारूसोबत ते दोन्ही असले की धोका नुसता बेरजेने वाढत नाही.

१२. वजन कमी करायची सर्जरी झालीय, एक ग्लास वाईन चालेल का?

हा अपवाद आवर्जून लक्षात ठेवा. बायपास किंवा स्लीव्हमध्ये जठर छोटं होतं किंवा वळसा घालून जातं, म्हणजे प्रश्न ५ मधला नाका जवळपास उठला आणि दारू थेट आतड्यात. टोक खूप वर आणि खूप लवकर येतं. मुंबईत या सर्जरी आता खूप होतात आणि करून घेणाऱ्यांत बायका जास्त आहेत. तुमची एक ग्लास आता पूर्वीच्या एकासारखी नाही. पहिलं वर्ष तर अजिबात नको आणि नंतरचं सर्जनला स्पष्ट विचारा.

१३. गटारीला दणकून घेतो पण अख्खा श्रावण पाळतो, तेवढ्यात लिव्हर रिकव्हर होतं ना?

चरबी बऱ्यापैकी उतरते, दोन ते सहा आठवड्यांत साध्या फॅटी लिव्हरमध्ये फरक दिसतो, त्यामुळे श्रावण फुकट जात नाही. जीजीटी दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो. पण याच कारणाने गणपतीच्या आधी केलेला रिपोर्ट फसवा असतो, छान दिसतो आणि माणूस विसर्जनानंतर निश्चिंत होऊन परत बसतो. टेस्ट करायचीच तर आषाढात, गटारीच्या आठवडाभर आधी करा, तेव्हा वर्षभराचं चित्र खरं कळेल. आणि डाग बसले असतील तर ते महिन्याभरात जात नाहीत, तिथे वर्षं लागतात आणि सिरॉसिसपर्यंत गेलं असेल तर पूर्ण परतही येत नाही.

एक सांगून ठेवते. रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेणाऱ्या कोणीही श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम शून्यावर येऊ नका. एक-दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, फिट असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. अशांनी आधी डॉक्टरकडे जावं, औषधाच्या आधाराने बंद करता येते. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, काळी शी किंवा रक्ताची उलटी असेल तर टेस्टची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि किती पिता ते खरं सांगा, नवरा किंवा सासू सोबत असली तरी. डॉक्टरला एकटीने बोलायचंय असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.